बायपासनंतरची पहिली सहल

बायपास करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे पाहुणे शहाळी आणतात, सल्ले देतात आणि उंबरठा ओलांडता ओलांडता हमखास म्हणतात, "आता जरा हवापालट करून या कुठेतरी." रुग्ण त्याच चार भिंतींना कंटाळलेला असतो. त्याच्याहून जास्त थकलेली असते ती त्याची बायको. गोळ्यांच्या वेळा, जखमेची काळजी, अळणी स्वयंपाक आणि दिवसभर वाजणारा फोन हे सगळं तिच्याच अंगावर पडलेलं असतं. मग मुलगा सुट्टी टाकतो, मोबाइलवर हॉटेलांचे फोटो पाहतो आणि दरीकडे तोंड असलेली सर्वांत सुंदर खोली ठरवून टाकतो. चूक होते ती इथेच. खोलीतून दरी दिसते, पण खोलीपर्यंत चौदा पायऱ्या आहेत हे तिथे पोहोचल्यावर कळतं.

हवापालट हा एके काळी खरोखरच औषधोपचाराचा भाग होता. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा डॉक्टर कोरडी, थंड हवा आणि विश्रांती लिहून देत. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीत बेल-एअर हे क्षयरोग्यांसाठीचं आरोग्यधाम १९१२ साली सुरू केलं ते याच समजुतीवर. पुढे स्ट्रेप्टोमायसीन आलं आणि क्षयासाठी हवेवर विसंबून राहण्याचे दिवस संपले. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तर डोंगरावरची हवा रक्तवाहिन्यांना काहीच करत नाही. अशा सहलीचा उपयोग वेगळा असतो. माणूस रोज ठरल्या वेळी चालतो, दुपारी निवांत झोपतो, भेटायला येणाऱ्यांची रांग थांबते आणि घरच्या माणसाला आठवडाभर ओट्यापाशी उभं राहावं लागत नाही. एवढं साधायचं तर जागा निवडण्याचा नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. आधी दवाखाना पाहायचा, मग रस्ता, मग न्हाणीघर आणि देखावा सर्वांत शेवटी.

समजा, पुण्यात कोथरूडला राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, वय सहासष्ट. तीन महिन्यांपूर्वी अचानक छातीत दुखलं, तपासणीत तीन वाहिन्यांत अडथळे निघाले आणि बायपास झाली. पायातली शीर काढून हृदयाला जोडली आहे. रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे, शिवाय सकाळी लघवीची एक गोळी आहे. घरच्यांच्या मनात महाबळेश्वर आहे.

पहिला प्रश्न कधी जायचं हा. बायपाससाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर तारांनी बांधतात. ते जुळून यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर जड उचलायचं नाही, हातांवर जोर देऊन उठायचं नाही, गाडी चालवायची नाही. त्यामुळे दुसऱ्या महिन्याच्या आत सहलीचा विषय न काढलेलाच बरा. सर्जनने पुन्हा तपासून हाड जुळल्याचं सांगितलं, गोळ्यांचे डोस काही आठवडे बदललेले नाहीत आणि घराजवळच्या सपाट रस्त्यावर माणूस वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालतो, तर निघायला हरकत नसते. चालता चालता सलग एक-दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. मधेच धाप लागून वाक्य तुटत असेल, तर तो वेग त्या दिवसापुरता जास्त आहे. पुढे सहलीतही हीच खूण कामी येते.

आपल्या बँक अधिकाऱ्यांना दहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली. आता कुठे?

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, पाचगणी थोडी खाली, सुमारे १,३०० मीटरवर. प्रकृती स्थिर असलेल्या हृदयरुग्णाला ही उंची सहसा त्रास देत नाही. विमानात केबिनमधली हवा सुमारे २,४०० मीटर उंचीवर असावी इतकी विरळ होऊ शकते, आणि बायपासचे रुग्ण काही आठवड्यांनी विमानानेही जातात. अडचण उंचीची नाही, रस्त्याची आहे. शनिवार-रविवारी पसरणीच्या घाटात गाड्या एकामागे एक अडकून पडतात. हीच रांग खाली उतरणाऱ्या रुग्णवाहिकेलाही आडवी येते. पावसाळ्यात त्यात धुकं आणि दरडींची भर पडते. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे कडाक्याच्या थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावरचा ताण वाढतो, तो भाग निराळाच.

म्हणून या घरासाठी पायथ्याशी, वाईला मुक्काम करणं शहाणपणाचं. वाई सुमारे सातशे मीटरवर, कृष्णेच्या काठी वसलेली. पुण्याहून महामार्गाने खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्यावर वळलं की दोन-अडीच तासांत गाव येतं. पाचगणी वर बारा-तेरा किलोमीटरवर, म्हणजे मनात आलं तर एक सकाळ वर जाऊन येता येतं. सातारा पस्तीस किलोमीटरच्या आसपास आणि तिकडे जायला मधे घाट नाही. गावात डॉक्टर आहेत, औषधांची दुकानं आहेत आणि रुग्णालयही आहे. पर्यटकांच्या यादीत वाई सहसा धावत्या भेटीची जागा असते. दर्शन घ्यायचं आणि घाट चढायचा. आजारातून उठलेल्या माणसाने मात्र वाईतच थांबावं आणि पाचगणीला धावती भेट द्यावी.

खोली ठरवण्याआधी फोन करायचा तो दवाखान्याला. तीन गोष्टी विचारायच्या: रात्री डॉक्टर हजर असतात का, ईसीजी लगेच निघतो का, आणि हृदयविकाराचा रुग्ण आला तर पुढे कुठे पाठवता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं. अँजिओप्लास्टीची सोय प्रत्येक तालुक्याच्या गावी नसते. पुढे पाठवायचं ठिकाण सातारा असेल तर कोणतं रुग्णालय, आणि आपला विमा तिथे कॅशलेस चालतो का, हे घरी बसून पाहून ठेवता येतं. रात्री दोन वाजता कुणालाही ते सुचत नाही.

मग हॉटेल. संकेतस्थळावर 'लिफ्ट आहे' आणि 'तळमजल्यावर खोली मिळेल' असं लिहिलेलं असतं, पण विचारायचा प्रश्न वेगळा असतो. सुनेने फोन लावला.

"बाबांचं ऑपरेशन झालंय. ग्राउंड फ्लोअरची रूम मिळेल ना?"

"हो मॅडम, मिळेल की. काही काळजी करू नका."

"गाडीतून उतरल्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती?"

पलीकडे जरा शांतता. "पोर्चला चार आहेत... मग लॉन संपल्यावर तीन. आणि रेस्टॉरंट वर आहे मॅडम, पण रूम सर्व्हिस आहे."

अशी कबुली 'पायऱ्या किती' विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. सात पायऱ्या म्हणजे या माणसासाठी संकट नाही, तो घरी एक जिना चढतो. पण दिवसातून चार वेळा जेवणा-चहासाठी वरचा मजला गाठायचा असेल तर थकवा तिथेच खर्च होतो. त्यानंतर व्यवस्थापकाला व्हॉट्सॲपवर न्हाणीघराचा छोटा व्हिडिओ मागवावा. त्यात पाहायचं ते हे: कमोड आहे की नाही, फरशी गुळगुळीत आहे की खरबरीत, आत जाताना उंबरा आहे का, नळाजवळ धरायला काही आहे का. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे रात्री पलंगावरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अनोळखी खोलीत अंधारात न्हाणीघर शोधताना पडण्याचा धोका मोठा, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्याला लागलं तर मामला गंभीर होतो. घरून एक छोटा रात्रीचा दिवा न्यावा. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मिनिटभर काठावर बसायचं आणि मग उभं राहायचं.

फार खोल, मऊ सोफे आणि जमिनीलगतचे पलंग सध्या झोकात असतात. त्यांतून हातांवर जोर दिल्याशिवाय उठता येत नाही. खोलीत एक साधी, सरळ पाठीची, हातांची खुर्ची ठेवायला सांगितली की हा प्रश्न मिटतो.

निघायचा दिवस सोमवार आणि परतायचा गुरुवार किंवा शुक्रवार सकाळ, म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी दोन्ही बाजूंनी टळते. प्रवासात सर्वांत जास्त घोळ होतो तो लघवीच्या गोळीचा. वाटेत दर अर्ध्या तासाने थांबायला नको म्हणून बरेच जण ती गोळी त्या दिवशी परस्पर बुडवतात. काही जण त्याच्या जोडीला पाणीही कमी पितात. असं दोन-तीन दिवस चाललं की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, रात्री आडवं झालं की दम लागतो. गोळी पोहोचल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं. बहुतेक वेळा वेळ पुढेमागे करण्याचा मार्ग निघतो, पण तो ठरवायचा डॉक्टरांनी.

सीटबेल्ट लावायलाच हवा. पट्टा टाक्यांवर घासत असेल तर मधे घडी केलेला टॉवेल किंवा छोटी उशी ठेवायची. तासा-सव्वा तासाने गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं. पायातली शीर काढलेली असल्याने तो पाय आधीच थोडा सुजतो आणि एकाच जागी फार वेळ बसल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. दोन्ही पायांतला फरक निघण्यापूर्वी नीट पाहून ठेवला तर वाटेत सूज वाढली का हे कळतं. पोटरी एका बाजूने अचानक दुखू लागली, गरम आणि टणक लागली, तर ती प्रवासाची साधी सूज समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

औषधं दोन भागांत बांधायची. एक भाग हातातल्या पिशवीत, दुसरा बॅगेत, आणि दोन-तीन दिवसांचा साठा जास्तीचा. गोळ्या डब्यांत ओतून न नेता मूळ पट्ट्यांतच न्याव्या, कारण अनोळखी डॉक्टर आधी नाव आणि मात्रा वाचतो. सोबत डिस्चार्ज कार्ड हवं. आणि घरून निघताना बहुतेक जण विसरतात तो कागद म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा शेवटचा ईसीजी. बायपास झालेल्या माणसाचा ईसीजी बरा असतानाही अनेकदा 'नॉर्मल' दिसत नाही. नव्या डॉक्टरकडे तुलनेला जुना आलेख नसेल तर जुना बदल आणि नवा झटका यांतला फरक सांगणं अवघड जातं. त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असला की काम भागतं.

पहिल्या संध्याकाळी फिरायला कुठेही जायचं नाही. मुलाने मात्र एकट्याने गाडी काढून दवाखान्यापर्यंत जाऊन यावं. अपघात विभागाचं दार कुठल्या रस्त्याला आहे, तिथे पोहोचायला किती मिनिटं लागतात, रात्री फाटक बंद असतं का, हे पाहून यावं. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात मोफत मिळते, पण पलीकडच्या माणसाला पत्ता नीट सांगावा लागतो. "आम्ही एका रिसॉर्टमध्ये आहोत" एवढ्यावर गाडी येत नाही. हॉटेलचं नाव, रस्ता आणि जवळची ठळक खूण एका चिठ्ठीवर लिहून ती फोनशेजारी ठेवावी. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती रुग्णाच्या खिशात हवी, बॅगेत नको. छातीत दुखू लागलं की आधी बसायचं, मग गोळी, आणि पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर लगेच १०८.

आता फिरणं. वाईतला दिवस साडेआठ-नऊच्या सुमाराला, ऊन आल्यावर सुरू करावा. नाश्ता हलका, मग अर्धा-पाऊण तास बसणं आणि त्यानंतर फेरी. पहिल्या दिवशी ढोल्या गणपती. नदीकाठचं हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती एवढी भव्य आहे की गाभाऱ्यापासून दूर उभं राहूनही नीट दर्शन होतं, त्यामुळे गर्दीत घुसावं लागत नाही. घाटाच्या पायऱ्या मात्र पाण्यापर्यंत उतरायच्या नाहीत. उतरणं सोपं वाटतं, पण परत चढायचं असतं हे उतरताना कुणाच्या ध्यानात नसतं.

दुसऱ्या दिवशी मेणवली, वाईहून तीनेक किलोमीटरवर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट तिथे आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, मराठ्यांच्या हाती आलेल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटांपैकी एक मोठी घंटा या घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली आहे. 'स्वदेस' सिनेमाचं चित्रीकरण इथे झालं होतं, त्यामुळे घाट पाहिलेला वाटतो. वरच्या पायरीवर सावलीत अर्धा तास बसायचं आणि परतायचं. दुपारचं जेवण, मग झोप. संध्याकाळी हॉटेलच्या आवारातल्या आवारात फेऱ्या.

तिसऱ्या दिवशी तब्येत चांगली असेल तर पाचगणी. पारशी पॉइंटला गाडी अगदी जवळ जाते. कठड्याशी उभं राहिलं की खाली धोमचं पाणी आणि कृष्णेचं खोरं दिसतं. टेबललँडवर घोड्यावर बसायचा मोह नातवंडांना होईल, आजोबांना होऊ देऊ नये. हाड जुळलं असलं तरी पडण्याचा धक्का त्याला अजून सोसणार नाही. राजपुरीच्या गुंफा, उतरून चढायच्या जागा, हे सगळं पुढच्या वर्षी. घाटात वळणांनी उलटी झाली आणि नुकतीच घेतलेली गोळी बाहेर पडली, तर दुसरी आपल्या मनाने घेऊ नये. डॉक्टरांना फोन करावा.

या दिवशी एक जुना धोका डोकं वर काढतो: "एवढं वर आलोच आहोत तर वेण्णा लेक करू. वेण्णा लेक केलाच तर प्रतापगड किती लांब?" प्रतापगडाला शेकडो पायऱ्या आहेत. बरं, अशा वेळी आजारी माणूस स्वतः कधीच 'मला झेपत नाही' म्हणत नाही. तीन महिने सगळ्यांना आपल्यामुळे त्रास झाला, आता मजेत खोडा नको, असं त्याला वाटत असतं. त्यामुळे परतायची वेळ घरूनच ठरवून निघावं आणि ज्यांना पुढे जायचं त्यांनी दुसऱ्या गाडीने जावं.

जेवणाचा प्रश्न मिठाचा असतो. हॉटेलच्या रश्श्यात, पापडात, लोणच्यात आणि सूपमध्ये मीठ घरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. 'तिखट कमी करा' सांगितलं तर आचारी तिखट कमी करतो, मीठ तेवढंच राहतं. त्यामुळे पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी, ताक असं वेगळं, बिनमिठाचं करून मिठाची वाटी बाजूला मागवावी. अंगात पाणी साठतंय का हे कळायला वजनासारखं साधन नाही. वजनकाटा गाडीत सहज मावतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वाढलं, किंवा रात्री एकाच्या जागी तीन उशा लागू लागल्या, तर सहल तिथेच थांबवून डॉक्टरांशी बोलावं. ताप येणं, छातीच्या जखमेतून पू किंवा पाणी येणं, खोकताना हाडात 'कट्' असा आवाज होणं, यांपैकी काहीही झालं तरी तसंच.

प्रत्येकाला वाई जमेलच असं नाही. ज्यांना दमा आहे किंवा थंडी सोसत नाही, त्यांना हिवाळ्यात पणजी बरी पडते. मिरामारच्या बाजूने सपाट फेरी मारता येते आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज शहरालगत आहे. कोकणातल्या एखाद्या शांत किनाऱ्यावर मोह होतो, पण मऊ वाळूत चालायला सपाट रस्त्यापेक्षा बरंच जास्त बळ लागतं आणि मोठं रुग्णालय अनेकदा तास-दीड तास दूर असतं. माथेरानला मोटारी जात नाहीत. ज्याच्यासाठी ती शांतता हवी, त्यालाच दस्तुरीपासून पुढचा रस्ता अवघड जातो, आणि तातडीच्या वेळी खाली उतरायला वेळ लागतो. हृदयाचं पंपिंग फार कमी आहे, ठोके अनियमित आहेत किंवा डोस अजून दर आठवड्याला बदलतोय, अशांनी यंदा शहरातल्याच एखाद्या बागेजवळच्या नातेवाइकांकडे चार दिवस राहावं. त्यानेही घरच्या माणसाला सुट्टी मिळते.

परतीच्या दिवशी सकाळी वजन, रक्तदाब आणि आदल्या दिवशी किती मिनिटं चालणं झालं हे वहीत लिहून घ्यावं. घरी पोहोचल्यावर दोन दिवस तरी पाहुणे बोलावू नयेत. पुढच्या तपासणीला ही वही घेऊन जावं. चालणं वाढलं, वजन जागेवर राहिलं आणि दम लागला नाही, एवढ्या नोंदींवरून डॉक्टर गाडी चालवायला, जड पिशवी उचलायला किंवा लांबच्या प्रवासाला परवानगी द्यायची का हे ठरवू शकतात.